भाड्याची खोली : जाहिरातीत काय लिहिलेलं असावं

‘डोंबिवली पूर्व, स्टेशनपासून पाच मिनिटं, वन आरके, २४ तास पाणी, डिपॉझिट कमी, लगेच ताबा.’ भाड्यानं खोली शोधणाऱ्याच्या फोनवर असा मजकूर दिवसातून कितीतरी वेळा येऊन पडतो. यातली बरीच विधानं ओढूनताणून खरी ठरवता येतात. रिक्षा मोकळी मिळाली आणि सिग्नल लागला नाही, तर पाच मिनिटं लागतातही. गच्चीवरची टाकी भरलेली असेल तर नळाला पाणी असतंही. तरी माणूस खोली बघायला येतो आणि दारातच त्याचा चेहरा पडतो, कारण त्याला जे कळायला हवं होतं ते या ओळीत नव्हतंच.

डोंबिवलीत भाड्याच्या खोल्या मिळवून देणं हा माझा व्यवसाय आहे. असा मजकूर का लिहिला जातो, हे आधी सांगतो. एजंटला पैसे मिळतात ते सौदा झाल्यावरच. एकाच खोलीची चावी मालकानं पाच-सहा एजंटांना दाखवायला दिलेली असते, म्हणून प्रत्येकाला वाटतं की फोन आधी आपल्याला यावा. मग जाहिरात लिहिली जाते ती फोन यावा म्हणून. वाचणाऱ्याला निर्णय घेता यावा म्हणून नव्हे. परिणाम असा, की फोन चाळीस येतात, त्यातले दहा जण खोली बघायला येतात आणि दहाही जण नाही म्हणून जातात. भाडेकरूची अर्ध्या दिवसाची रजा वाया जाते, मालक चावी देऊन कंटाळतो. सगळं खरं लिहिलं तर फोन कमी येतात हे मान्य आहे. पण जो येतो तो मनाची तयारी करून येतो, आणि सौदा तिथेच होतो.

तर खरं लिहायचं म्हणजे काय लिहायचं? मी एक उदाहरण घेतो : डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रस्त्याच्या आतल्या बाजूला, गोग्रासवाडीकडे असावी अशी एक वन आरके. भाडं महिना ९,५०० रुपये, डिपॉझिट ४०,०००. उदाहरण मी रचलेलं आहे. पण या भागात काम करणाऱ्याला त्यातला एकही आकडा अनोळखी वाटणार नाही.

सुरुवात पैशापासून करू, कारण सगळ्यात जास्त भांडणं तिथेच होतात. ‘भाडं साडेनऊ हजार, डिपॉझिट चाळीस’ एवढंच वाचलं तर माणूस पन्नास हजारांची सोय करून येतो. प्रत्यक्षात चावी हातात पडायच्या दिवशी त्याला लागतात ते असे : डिपॉझिट ४०,०००, पहिल्या महिन्याचं भाडं ९,५००, एजंटचं ब्रोकरेज म्हणजे रूढीप्रमाणे एका महिन्याचं भाडं, आणखी ९,५००. शिवाय कराराचा खर्च. सगळं मिळून बेरीज साठ हजारांच्या पुढे जाते. पगार हातात आल्या-आल्या खोली घेऊ पाहणाऱ्या मुलासाठी हे मधले दहा-बारा हजार म्हणजे मित्राकडून उसने घेण्याची वेळ. म्हणून माझ्या मते जाहिरातीत भाड्याच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचा आकडा एकच : पहिल्या दिवशी एकूण किती पैसे लागतील. तो लिहिला की बाकीचं बोलणं सोपं होतं.

कराराचा खर्च हा यातला सगळ्यात धूसर भाग. ‘ॲग्रीमेंटचे चार हजार’ असं एकरकमी सांगितलं जातं आणि भाडेकरूला वाटतं, हे सगळे सरकारात जातात. हिशेब अवघड नाही. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क पाव टक्का लागतं. ते लागतं कशावर, तर कराराच्या पूर्ण मुदतीचं भाडं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, यांच्या बेरजेवर. आपल्या खोलीचं अकरा महिन्यांचं भाडं होतं १,०४,५००. चाळीस हजारांवर अकरा महिन्यांचं दहा टक्क्यांनी व्याज साधारण ३,६६७. बेरीज १,०८,१६७, आणि तिचा पाव टक्का म्हणजे २७० रुपये. शुल्क वरच्या शंभरात मोजलं तर ३०० धरा. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. म्हणजे ही दोन्ही मिळून तेराशेच्या आसपास. बाकीतली बहुतेक रक्कम मसुदा तयार करणाऱ्याची, अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येणाऱ्याची आणि त्याच्या येण्याजाण्याची. ती घेण्यात काही गैर नाही. ते काम आहे आणि कामाचे पैसे घ्यावेत. पण ‘मुद्रांक आणि नोंदणी तेराशे, सेवेचे पंधराशे’ असं वेगळं करून लिहिलं की समोरच्याला ते पटतं, आणि हा खर्च मालक आणि भाडेकरूनं अर्धा-अर्धा वाटून घ्यायचा का, हेही मोकळेपणानं ठरवता येतं.

अनेक जण विचारतात, अकराच महिने आहेत, नोटरीकडे स्टँप पेपरवर करून टाकू, नोंदणी कशाला? इतर अनेक राज्यांत वर्षाच्या आतल्या करारांना नोंदणी सक्तीची नाही, त्यावरून हा समज आलेला आहे. महाराष्ट्रात तसं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा, मुदत कितीही असो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. ती टाळली तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून मोठी गोष्ट अशी, की करार लेखी आणि नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर कोणत्या अटींवर खोली दिली होती याबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. ते खोटं ठरवायचं ओझं मालकावर येतं. नोंदणीत मालकाचंही हित आहे ते असं. म्हणून जाहिरातीत ‘नोंदणीकृत करार’ हे दोन शब्द असायलाच हवेत. ते नसतील तर फोनवरचा पहिला प्रश्न तोच असावा.

आता डिपॉझिटबद्दल जरा सविस्तर बोलतो. किती घ्यावं याची वरची मर्यादा आपल्याकडच्या कायद्यात नाही. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये जो आदर्श भाडेकरू कायदा तयार केला, त्यात राहत्या घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांचं भाडं अशी मर्यादा आहे. पण राज्यानं स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही आणि आपल्याकडे कारभार १९९९ च्या कायद्यावरच चालतो. डिपॉझिट चार महिन्यांचं की सहा, ते बाजार ठरवतो. भांडण रकमेवरून क्वचितच होतं. भांडण होतं ते परत कधी आणि किती मिळणार यावरून.

खोली सोडताना मालक म्हणतो, रंगाचे सात हजार कापले. भाडेकरू म्हणतो, रंग मी आलो तेव्हाच जुना होता. दोघांकडेही पुरावा नसतो. प्रामाणिक एजंटनं जाहिरातीतच लिहावं : डिपॉझिट ताबा देण्याच्या दिवशी परत, वजावट फक्त थकलेलं भाडं, लाइट बिल आणि तुटफुटीची, रंगाचे पैसे कापले जाणार की नाहीत, कापले तर किती. काही मालक रंगासाठी ठरावीक रक्कम कापतातच. ते त्यांनी आधी सांगितलं तर त्यात तक्रारीला जागा नाही. भाडेकरू ती रक्कम भाड्यात धरून विचार करील. राहायला येण्याच्या दिवशी भिंती, नळ, गिझर, खिडकीच्या काचा यांचा मोबाइलवर व्हिडिओ काढून मालकाला पाठवून ठेवावा. मी हे प्रत्येक पार्टीला सांगतो. पाच मिनिटांचं काम असतं.

आणखी एक प्रकार नेहमी दिसतो, तो नीट समजून घ्या. मालक म्हणतो, डिपॉझिट चाळीस हजार द्या, पण करारात दहाच दाखवू, स्टँप ड्युटी वाचेल. किती वाचेल? तीस हजारांवरचं अकरा महिन्यांचं दहा टक्के व्याज २,७५०, आणि त्याचा पाव टक्का. म्हणजे सात रुपयेसुद्धा पुरते नाहीत. त्या सात रुपयांपायी भाडेकरूच्या तीस हजारांचा पुरावा नाहीसा होतो. रोख दिले असतील तर बँकेतही खूण राहत नाही. पूर्ण रक्कम करारात लिहा आणि चेकनं किंवा ऑनलाइन द्या, एवढं एकच बंधन पाळलं तरी निम्मी भांडणं होणारच नाहीत.

‘हेवी डिपॉझिट’ हा वेगळाच व्यवहार आहे. त्यात चार-पाच लाख किंवा जास्त रक्कम एकदम द्यायची आणि भाडं नाममात्र किंवा शून्य. महिन्याचा खर्च वाचतो म्हणून संसारी माणसाला ते बरं वाटतं. पण ही रक्कम म्हणजे मालकाला दिलेलं विनातारण कर्जच असतं. त्यानं ती आधीच्या भाडेकरूचं डिपॉझिट फेडायला किंवा स्वतःचं कर्ज भागवायला वापरलेली असते, आणि मुदत संपल्यावर ‘नवीन पार्टी आली की तुमचे देतो’ असं उत्तर मिळतं. फ्लॅटवर बँकेचं कर्ज थकलेलं असेल तर बँक जप्तीला येते आणि भाडेकरूचे पाच लाख मधल्यामध्ये अडकतात. असा व्यवहार करायचाच असेल, तर सोसायटीच्या कार्यालयात जाऊन या फ्लॅटवर कर्जाचा बोजा नोंदलेला आहे का ते विचारावं. हेवी डिपॉझिटची जाहिरात करणाऱ्या एजंटनं फ्लॅटवर कर्ज आहे की नाही हे लिहिलं नसेल, तर माझ्या मते त्याच्याकडे जाऊच नये.

खोलीची मापं हा दुसरा फसवा भाग. जाहिरातीत ‘३५० चौरस फूट’ असतं. ते बिल्टअप की सुपर बिल्टअप, कुणी सांगत नाही. जिन्याचा आणि पॅसेजचा वाटा धरून तो आकडा फुगलेला असतो. माणूस राहतो तो कार्पेटमध्ये, म्हणजे भिंतींच्या आतल्या जागेत. आपल्या खोलीत टेप टाकली तर बाहेरची खोली १४ बाय १०, स्वयंपाकघर ८ बाय ७, संडास-न्हाणीघर मिळून ६ बाय ४ आणि मधला बोळ ५ बाय ४. एकूण २४० चौरस फूट. जाहिरातीत एकूण आकड्याऐवजी खोल्यांची ही मापंच द्यावीत. कपाट आणि दिवाण मावतील का, हे वाचणाऱ्याला घरबसल्या कळतं. फोटोवर भरवसा ठेवू नका. कोपऱ्यात उभं राहून रुंद कोनातून काढलेल्या फोटोत दहा फुटांची खोली सोळा फुटांची वाटते. खिडकीतून काय दिसतं त्याचा फोटो मागा. समोरच्या इमारतीची भिंत चार फुटांवर असेल तर दिवसाही दिवा लावावा लागेल, आणि कपडे वाळणार नाहीत.

सोयींमध्ये ‘२४ तास पाणी’ ही सगळ्यात वापरलेली ओळ. इमारतीत पाणी येतं ठरावीक वेळी. ते खालच्या टाकीत साठतं, पंपानं वर चढतं आणि मग नळाला येतं. टाकी लहान असेल किंवा घरं जास्त असतील तर दुपारी अकराला नळ कोरडा. प्रामाणिक जाहिरात सांगते : महापालिकेचं पाणी पहाटे अमुक वाजता येतं, वरच्या टाकीतून दिवसभर मिळतं, उन्हाळ्यात एखाद्या दिवशी शटडाउन असतं, टँकर लागला तर पैसे कोण देतं. हे एजंटला माहीत नसेल तर त्यानं खालच्या मजल्यावरच्या बाईंना विचारावं. पाण्याचं वेळापत्रक त्यांच्याइतकं कुणालाच पाठ नसतं. खोली बघायला जाणाऱ्यानं न्हाणीघरातला नळ पूर्ण सोडून बादली भरायला किती वेळ लागतो ते बघावं. सकाळच्या गर्दीच्या वेळी गेलात तर खरा दाब कळतो.

विजेचं मीटर हे त्याहून जास्त लपलेलं प्रकरण. मालकानं एका मोठ्या फ्लॅटचे तीन भाग करून तीन भाडेकरू ठेवले असतील, तर महावितरणचं मीटर एकच असतं आणि आत सबमीटर लावलेले असतात. आता हिशेब बघा. घरगुती वापराचे दर टप्प्यांनी वाढतात : पहिली १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० चा दर त्याहून बराच जास्त. तिघांनी प्रत्येकी ९० युनिट वापरली, तर स्वतंत्र मीटरवर तिघेही पहिल्या टप्प्यात राहिले असते. एकाच मीटरवर ती २७० युनिट होतात आणि त्यातली १७० महागड्या टप्प्यात जातात. एकही भाडेकरू उधळपट्टी करत नाही, तरी बिल फुगतं. त्यावर मालकानं युनिटमागे स्वतःचा दर लावला तर आणखी वाढ. म्हणून ‘वीज वेगळी’ एवढ्यानं भागत नाही. ‘महावितरणचं स्वतंत्र मीटर’ किंवा ‘सबमीटर, युनिटला अमुक रुपये’ असं स्पष्ट हवं. मागच्या दोन-तीन महिन्यांची बिलं बघायला मागा. त्यात थकबाकीही दिसते आणि बिल कुणाच्या नावावर आहे तेही.

ते नाव महत्त्वाचं आहे. खोली भाड्यानं देणारा माणूस खरोखर मालक आहे का, हे ओळखायचे साधे मार्ग तीन : लाइट बिल, मालमत्ता कराची पावती आणि खरेदीखताचं इंडेक्स दोन. नावं जुळली की बहुतेक शंका मिटतात. कल्याण-डोंबिवलीत तर आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे इमारत अधिकृत आहे का. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवलेल्या इथल्या ६५ इमारतींचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि २०२४ मध्ये त्या पाडण्याचे आदेश झाले. अशा इमारतीत भाड्यानं राहणाऱ्याचं घर विकत घेणाऱ्याएवढं नुकसान होत नाही हे खरं. पण अकरा महिन्यांच्या मध्येच बिऱ्हाड हलवायचं आणि आधीच अडचणीत आलेल्या मालकाकडून डिपॉझिट सोडवायचं, हे सोपं नसतं. जुन्या इमारतींची गोष्ट निराळी. महापालिका पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी काढते. भाडं आजूबाजूपेक्षा फारच कमी दिसलं तर त्या यादीत नाव बघून घ्यावं.

ओल ओळखायची तर पावसाळ्यात खोली बघा, नाहीतर नव्या रंगावर संशय घ्या. एकाच भिंतीला, तेही खालच्या दोन फुटांना किंवा छताच्या एका कोपऱ्यालाच ताजा रंग असेल, तर तिथे गळती झालेली असते. शेवटच्या मजल्याची खोली जाहिरातीत ‘हवेशीर’ असते. गच्चीचं वॉटरप्रूफिंग कधी झालं, तेही त्यात लिहावं.

आता येऊ प्रवासाकडे. डोंबिवलीत खोली घेणारा माणूस मुळात लोकलसाठी इथे येतो, म्हणून ‘स्टेशनजवळ’ या शब्दाचा सगळ्यात जास्त गैरवापर इथेच होतो. पहिली गोष्ट, ‘डोंबिवली पूर्व’ हा पत्ता फार लांबवर पसरलेला आहे. खोणी, पलावा, निळजे इथल्या घरांचीही जाहिरात त्याच नावानं होते, आणि तिथून डोंबिवली स्टेशन कित्येक किलोमीटर लांब आहे. निळजेला स्वतःचं स्टेशन आहे, पण ते दिवा–पनवेल मार्गावर. तिथे मुख्य मार्गासारख्या मिनिटा-मिनिटाला गाड्या नाहीत. दुसरी गोष्ट, नव्वद फुटी रस्त्याकडची घरं ठाकुर्ली स्टेशनला जवळ पडतात, आणि ठाकुर्लीला फक्त धीम्या गाड्या थांबतात. रोज मुंबईला सीएसएमटीपर्यंत जाणाऱ्याला जलद गाडीनं साधारण सव्वा तास लागतो, तिथे धीम्या गाडीनं वीसेक मिनिटं जास्त जातात. दिवसाचे दोन्ही वेळचे मिळून पाऊण तास कुठे, तर या एका शब्दात हरवतात.

म्हणून मी अंतर मोजायला सांगतो ते इमारतीच्या फाटकापासून प्लॅटफॉर्मपर्यंत. स्टेशनच्या पाटीपर्यंत नव्हे. पायी किती मिनिटं, सकाळी आठच्या गर्दीत पुलावर किती, शेअर रिक्षाचा थांबा कुठे आणि रांग किती लांब. आपल्या खोलीपासून पायी वीस मिनिटं असतील तर वीसच लिहावीत. चालणाऱ्या माणसाला वीस मिनिटं चालतात. पाच लिहून वीस निघाली की मात्र तो बाकी सगळ्यावरही विश्वास ठेवत नाही. गाडीबद्दलही खरं सांगावं. कर्जत, कसारा, बदलापूरहून येणाऱ्या जलद गाड्या सकाळी डोंबिवलीला येतात त्या भरूनच, दारात पाय ठेवायला जागा नसते. बसून जायचं असेल तर डोंबिवलीहूनच सुटणारी लोकल धरायला हवी, आणि तिच्या वेळा ठरलेल्या असतात. ज्यांची ऑफिसची वेळ हलवता येत नाही त्यांनी खोली ठरवण्याआधी एक दिवस त्याच वेळेची गाडी पकडून बघावी. रात्री उशिरा परतणाऱ्यांनी शेअर रिक्षा किती वाजेपर्यंत मिळतात ते विचारावं, कारण त्यानंतर मीटरनं किंवा मनाला येईल त्या दरानं यावं लागतं. आणि ‘प्रस्तावित मेट्रोजवळ’ असं लिहून भाडं वाढवलं असेल तर सरळ नाही म्हणावं. कल्याण–तळोजा मेट्रो १२ चं काम झाल्यावर त्याचा फायदा भाड्यात येईल. अकरा महिन्यांचा करार करणाऱ्यानं त्याची किंमत आज मोजायचं कारण नाही.

एवढं सगळं एका जाहिरातीत मावतं का? मावतं. आपल्या उदाहरणातल्या खोलीसाठी मी असं लिहीन :

‘डोंबिवली पूर्व, गोग्रासवाडी परिसर. वन आरके, तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाहेरची खोली १४ × १०, स्वयंपाकघर ८ × ७, संडास-न्हाणीघर आतच. कार्पेट २४० चौ. फूट. खिडकी रस्त्याच्या बाजूला, सकाळी ऊन येतं, संध्याकाळी वाहनांचा आवाज असतो. पंखे दोन, ट्यूब, गिझर आहे, कपाट-पलंग नाही. महापालिकेचं पाणी पहाटे, टाकीतून दिवसभर. उन्हाळ्यात एखाद्या दिवशी कपात. महावितरणचं स्वतंत्र मीटर, मालकाच्या नावावर, थकबाकी नाही. पाइप गॅस नाही, सिलिंडर लागेल. दुचाकी लावता येते, चारचाकीला जागा नाही. डोंबिवली स्टेशनच्या प्लॅटफॉर्मपर्यंत पायी २० मिनिटं. शेअर रिक्षा मुख्य रस्त्यावर, ३ मिनिटांवर. भाडं ९,५००, मेंटेनन्स त्यातच. डिपॉझिट ४०,०००, पूर्ण रक्कम करारात, खोली सोडायच्या दिवशी परत; रंगाचे पैसे कापणार नाही. ब्रोकरेज एक महिना. नूतनीकरणाला ब्रोकरेज नाही. नोंदणीकृत करार ११ महिन्यांचा. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी साधारण १,३००, सेवा १,५००. पहिल्या दिवशी एकूण सुमारे ६१,८००. नोटीस एक महिना, दोन्ही बाजूंनी. कुटुंब किंवा नोकरी करणाऱ्या दोघी-दोघे चालतील. खोली बघण्याचे पैसे नाहीत.’

यात ‘लिफ्ट नाही’, ‘आवाज असतो’, ‘पाइप गॅस नाही’ या ओळी बघून मालक माझ्यावर रागावतात. त्यांना मी सांगतो, गुडघे दुखणारा माणूस जिना चढून आल्यावर नाही म्हणण्यापेक्षा फोन न केलेलाच बरा. तिसरा मजला ज्याला चालतो त्याला बाकी काही पटवावं लागत नाही.

शेवटच्या तीन ओळींबद्दल थोडं. नूतनीकरणाच्या वेळी काही एजंट पुन्हा पूर्ण ब्रोकरेज मागतात. अकरा महिन्यांनी करार नवा करायचा खर्च वेगळा, पण ज्या खोलीत भाडेकरू आधीच राहतोय ती ‘मिळवून दिल्याचे’ पैसे पुन्हा का द्यायचे? घ्यायचेच असतील तर पहिल्याच जाहिरातीत लिहा. मेंटेनन्सचंही तसंच. घर भाड्यानं दिल्यावर सोसायटी मालकाकडून ना-वहिवाट शुल्क घेते. सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त ते घेता येत नाही. काही मालक त्याच्या नावाखाली भाडेकरूकडून महिना हजार-पाचशे काढतात, तेव्हा सोसायटीची पावती मागावी. ‘कोण चालेल’ हे लिहिणं मला स्वतःला आवडत नाही. बॅचलर नको, अमुक खाणारे नकोत, असल्या अटी ऐकून वाईट वाटतं, आणि जात-धर्म विचारणाऱ्या मालकाची खोली मी घेत नाही. पण सोसायटीची एखादी अट खरोखर असेल तर ती आधी सांगणं हे माणसाला जिन्यातून परत पाठवण्यापेक्षा बरं.

खोली बघण्याचे पैसे मागणं हा धंद्यातला अलीकडचा रोग आहे, आणि त्यातूनच सरळ फसवणुकीकडे वाट जाते. मालक म्हणून कुणीतरी फोनवर बोलतो, आपण लष्करात आहोत, बदली झाली आहे, टोकन पाठवा, चावी कुरिअरनं येईल, असं सांगतो. ओळखपत्राचा फोटोही पाठवतो. खोली डोळ्यांनी बघितल्याशिवाय, आतून उघडून बघितल्याशिवाय आणि मालकाशी समोरासमोर बोलल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये. टोकन दिलं तर त्याची पावती किंवा निदान मेसेज घ्या, त्यात रक्कम, खोलीचा पत्ता आणि सौदा फिसकटला तर किती दिवसांत परत मिळेल ते असू द्या. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणं हे मालकाचं काम आहे आणि पोलिसांच्या संकेतस्थळावर ती भरता येते. ‘पोलीस व्हेरिफिकेशन’चे म्हणून मोठे पैसे कुणी मागितले तर कशाचे, हे विचारा.

भाड्याच्या खोलीची जाहिरात वाचाल तेव्हा एजंटला एवढंच सांगा : पहिल्या दिवशी एकूण किती लागतील, डिपॉझिट कधी आणि काय कापून परत मिळेल, मीटर कुणाचं, आणि फाटकापासून प्लॅटफॉर्मपर्यंत पायी किती मिनिटं, हे मला मेसेजवर लिहून पाठवा. जो लिहून देईल त्याचीच खोली बघायला जा.